मोटर आणि पंपाचं अलाइनमेंट: दोन डायलचं रिडिंग घेण्यापासून शिम कापेपर्यंत

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या पट्ट्यातल्या कुठल्याही केमिकल प्लांटच्या पंपहाऊसमध्ये जा आणि पिन-बुश कपलिंगच्या गार्डखाली बघा. बेस फ्रेमवर बारीक काळी भुकटी साचलेली दिसली, तर त्या पंपाचं अलाइनमेंट बिघडलेलं आहे, हे डायल न लावताही सांगता येतं. ती भुकटी रबर बुशची असते. दोन शाफ्ट एका रेषेत नसले की प्रत्येक फेऱ्यात बुश एकदा दाबला जातो आणि एकदा सुटतो. मोटर १४७० आरपीएमची असेल तर मिनिटाला १४७० वेळा. रबर तापतं, झिजतं आणि खाली पडतं.

बुश स्वस्त असतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बदलले जातात आणि विषय तिथेच संपतो. "कपलिंग फ्लेक्झिबल आहे, एवढं चालतं," हे वाक्य मी अनुभवी फिटरच्या तोंडूनही ऐकलंय. कपलिंगच्या बाबतीत ते खरंही आहे. कपलिंग बनवणारा जेवढी चूक चालेल म्हणतो तेवढ्या चुकीत कपलिंग तुटत नाही. पण रबर दाबायला जो जोर लागतो तोच जोर उलट दिशेने शाफ्टवर येतो आणि शाफ्टमार्फत बेअरिंगवर पोचतो. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. म्हणजे भार २० टक्क्यांनी वाढला तर हिशेबातलं आयुष्य मूळच्या सुमारे ५८ टक्क्यांवर येतं. पंपाच्या बाजूला आणखी एक नाजूक गिऱ्हाईक असतं, मेकॅनिकल सील. शाफ्ट दर फेऱ्याला थोडा वाकत असेल तर सीलचे दोन चेहरे एकमेकांवर सपाट बसत नाहीत आणि थेंब थेंब गळती सुरू होते. मग सील बदललं जातं. नवं सीलही काही आठवड्यांत गळतं आणि दोष सीलच्या कंपनीवर जातो.

व्हायब्रेशन मोजायची सोय असेल तर खूण आणखी स्पष्ट मिळते. अलाइनमेंट बिघडलेल्या मशिनवर शाफ्टच्या दिशेने, म्हणजे अक्षीय दिशेने, व्हायब्रेशन वाढतं. आरपीएमच्या फ्रीक्वेन्सीवर आणि तिच्या दुपटीवर शिखरं दिसतात. १४७० आरपीएमला ती २४.५ आणि ४९ हर्ट्झवर येतात. टू-पोल मोटरवर मात्र जपून राहा. तिथे आरपीएमची दुप्पट ९७-९८ हर्ट्झच्या आसपास येते आणि विजेमुळे होणारं १०० हर्ट्झचं कंपन तिला अगदी खेटून असतं. साध्या मीटरवर दोन्ही वेगळी दिसत नाहीत. मोटरची सप्लाय बंद केल्याक्षणी कंपन एकदम गायब झालं तर ते विजेचं. वेगासोबत हळूहळू उतरलं तर ते मेकॅनिकल.

इथून पुढे एकच केस शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. कूलिंग टॉवरच्या पाण्याचा एंड-सक्शन पंप, त्याला २२ किलोवॅटची फोर-पोल मोटर, १८० फ्रेम, बॉडी कास्ट आयर्नची, आणि मध्ये पिन-बुश कपलिंग. नवी मुंबईत असे पंप जागोजागी आहेत. पद्धत रिम-अँड-फेस. एक डायल कपलिंगच्या परिघावर, दुसरा त्याच्या चेहऱ्यावर. लेझर असेल तर तो खुशाल वापरा. पण डायलचं गणित कळलं की लेझरच्या स्क्रीनवरचा आकडा खरा की खोटा, हेही कळतं.

पट्टी का पुरत नाही

"साहेब, पट्टी लावून बघितली, एकदम लेव्हल आहे." पट्टी दोन हबच्या बाहेरच्या पृष्ठभागांची तुलना करते, दोन शाफ्टची नाही. हबचा बाहेरचा व्यास मध्याशी एककेंद्री नसेल, एका हबला गंज चढला असेल किंवा दोन हब वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, तर पट्टी लेव्हल दाखवते आणि शाफ्ट मात्र वेगळ्या रेषेत असतात.

डायलची गोष्ट वेगळी आहे, पण ती एका अटीवर: दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवायचे. तसं केलं की डायलचं टोक पूर्ण फेऱ्यात हबच्या त्याच एका बिंदूवर टेकलेलं राहतं. हब वाकडा असो, खरवडलेला असो, रिडिंगमध्ये त्याची चूक येत नाही. जे येतं ते फक्त दोन अक्षांमधलं अंतर. एकच शाफ्ट फिरवून घेतलेलं रिडिंग हबचा वाकडेपणाही सोबत घेऊन येतं. असे आकडे घेऊन दुपारभर शिम बदलणारे लोक मी पाहिलेत.

डायल लावण्याआधी

ब्रेकर बंद, लॉक आणि टॅग. सक्शन-डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद. पिना आणि बुश काढून ठेवा. मोटरची वायरिंग नव्याने केली असेल तर दिशा आत्ताच तपासून घ्या, पिना बसवल्यावर नाही. दिशा बघण्यापुरतं लॉक काढलं तर ते परत लावल्याशिवाय कपलिंगला हात लावू नका.

मग मोटरचे पाय. चारही पायांचे बोल्ट सैल करा, जुनी पॅकिंग काढा, बेस फ्रेमचा पृष्ठभाग आणि पायांचा तळ घासून साफ करा. आपल्याकडे पावसाळ्यानंतर हे काम दुप्पट होतं. एमएसच्या पत्र्यातून कापलेल्या जुन्या पॅकिंगच्या थरांमध्ये गंज फुगलेला असतो आणि जाडी कुठे किती हे कोणालाच माहीत नसतं. स्टेनलेस स्टीलच्या तयार शिम वापरा, यू-आकाराच्या, वेगवेगळ्या जाडीच्या. मुंबईत नागदेवीच्या बाजारात हार्डवेअरची दुकानं ओळीने आहेत, तिथे चौकशी करा. एका पायाखाली चार-पाचपेक्षा जास्त पट्ट्या रचू नका. थर वाढले की मध्ये हवा राहते आणि बोल्ट आवळला तरी पाय स्प्रिंगसारखा दबतो-उठतो. पातळ शिम दोन जाड शिमच्या मध्ये ठेवा, म्हणजे ती दुमडत नाही.

आता सॉफ्ट फूट. चारही बोल्ट आवळा. मॅग्नेटिक स्टँडवरचा डायल एका पायावर उभा लावून झिरो करा आणि तेवढा एकच बोल्ट सैल करा. पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उठला तर तो पाय बसलेला नाही, नुसता आवळून खाली खेचलेला आहे. बोल्ट परत आवळून पुढच्या पायाकडे जा. आपल्या केसमध्ये मागचा डावा पाय ०.१८ उठला. लगेच शिम घालू नका. आधी फिलर गेजने त्या पायाचे चारही कोपरे तपासा. फट सगळीकडे सारखी असेल तर तेवढी शिम. एका कोपऱ्यात ०.१८ आणि दुसऱ्यात शून्य असेल तर पाय किंवा बेस तिरका आहे. त्याखाली पूर्ण शिम घातली तर दोष फक्त जागा बदलतो. तिथे पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेली शिम द्यावी लागते किंवा बेस मशीन करून घ्यावा लागतो. इथे फट सारखी होती, ०.१५ आणि ०.०२ अशी भर घातली आणि पाय शांत बसला.

सॉफ्ट फूट सोडून अलाइनमेंट करण्यात अर्थ नसतो. बोल्ट कोणत्या क्रमाने आवळले त्यावर रिडिंग बदलतं आणि तुम्ही त्याच्या मागे धावत राहता. शिवाय मोटरची बॉडी पिळली जाते आणि आतला एअर गॅप असमान होतो.

पाइपचा ताणही याच टप्प्यावर बघा. पंपाची फ्लँज आणि पाइपची फ्लँज चेन ब्लॉकने ओढून जुळवलेली असेल तर पंप स्वतःच वाकलेला आहे आणि मोटर हलवून तो सरळ होणार नाही. स्टँडचा पाया मोटरच्या बाजूला ठेवून एक डायल पंपाच्या हबवर उभा आणि एक आडवा लावा. फ्लँजचे बोल्ट सैल करून परत आवळा. हब ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर आधी पाइपचा सपोर्ट नीट करून घ्या.

ब्रॅकेट आणि त्याचं झुकणं

ब्रॅकेट पंपाच्या हबवर घट्ट बांधा. त्यावरून सळई मोटरच्या हबवर आणा. पहिला डायल मोटर हबच्या परिघावर, त्याचं टोक मध्याकडे रोखलेलं. दुसऱ्या डायलसाठी दोन हबमधल्या तीन-चार मिमीच्या फटीत जागा नसते, म्हणून तो हबच्या मागच्या चेहऱ्यावर लावा. त्याचं टोक पंपाकडे रोखलेलं राहील. दोन्ही डायलचा प्लंजर साधारण अर्ध्यावर दाबलेला असू द्या, म्हणजे काटा दोन्हीकडे जाऊ शकेल. इथला डायल ०.०१ मिमीचा, एक रेघ म्हणजे ०.०१.

लोखंडी सळई असली तरी स्वतःच्या आणि डायलच्या वजनाने ती थोडी झुकतेच. हे झुकणं आधी मोजायचं. सगळी जोडणी जशीच्या तशी काढून एका जाड, सरळ पाइपवर बांधा, अंतर तेवढंच ठेवून. डायल वर असताना झिरो करा, पाइप अर्धा फेरा फिरवून डायल खाली आणा आणि वाचा. वर असताना सळई झुकून टोक दाबते, खाली गेल्यावर ती पृष्ठभागापासून दूर झुकते. म्हणून रिडिंग नेहमी वजा येतं. इथे −०.०६ आलं. चेहऱ्यावरच्या डायलमध्ये एक रेघही फरक पडला नाही, म्हणून तो सोडून दिला.

हे ०.०६ विसरलात तर काय होतं? रिम डायल वर-खाली दोन्हीकडे शून्य दाखवतो, सगळे खूश होतात, आणि मोटर प्रत्यक्षात ०.०३ मिमी खाली असते. झुकणं ०.३० असतं तर चूक ०.१५ झाली असती. स्पेसर कपलिंगवर लांब सळई लावली की असे आकडे सहज येतात.

रिडिंग

मोटरच्या पंख्याच्या मागे, तोंड पंपाकडे करून उभे राहा. उजवा हात तो उजवा, घड्याळातला ३ चा आकडा. डावा ९ चा. संपूर्ण कामात ही जागा बदलू नका. दोघे जण असतील तर दोघांनीही "उजवा" म्हणजे कोणता हे आधी ठरवून घ्या. मशिनभोवती फिरता फिरता डावं-उजवं उलटून जातं.

दोन्ही हबवर खडूने चार-चार खुणा करा. डायल १२ वर आणून झिरो करा. मग दोन्ही शाफ्ट एकाच दिशेने, खुणा जुळवत, ३, ६, ९ वर नेऊन वाचा आणि परत १२ वर या. काटा शून्यावर परतला नाही, तर ब्रॅकेट सरकलं आहे. ते सगळं रिडिंग फेका.

चेहऱ्यावरच्या डायलला आणखी एक शत्रू असतो, मोटरच्या शाफ्टचं मागे-पुढे सरकणं. प्रत्येक ठिकाणी वाचण्याआधी मोटरचा शाफ्ट हाताने पंपाच्या विरुद्ध बाजूला ढकलून धरा. बॉल बेअरिंगच्या मोटरला एवढं पुरतं. स्लीव्ह बेअरिंगच्या मोठ्या मोटरवर शाफ्ट काही मिमी सरकतो. तिथे चेहऱ्याचं रिडिंग भरवशाचं राहत नाही आणि दोन्ही डायल परिघावर लावायची रिव्हर्स डायल पद्धत वापरावी.

या मशिनवर आलेले आकडे, मिलिमीटरमध्ये:

| जागा | रिम | फेस |
|---|---|---|
| वर (१२) | ० | ० |
| उजवा (३) | +०.३० | −०.०२ |
| खाली (६) | +०.४२ | −०.१२ |
| डावा (९) | +०.११ | −०.१० |

गणित करण्याआधी एक तपासणी. डावा अधिक उजवा, हा वर अधिक खाली इतका यायला हवा. रिमवर ०.३० आणि ०.११ मिळून ०.४१ होतात, वर-खाली मिळून ०.४२. एका रेघेचा फरक चालतो. फेसवर −०.१२ आणि −०.१२. बरोबर. इथे तीन-चार रेघांचा फरक आला असता तर मी शिमला हात लावला नसता. टोक तिरकं टेकलेलं असतं, सळई ढिली असते किंवा एक शाफ्ट मागे राहिलेला असतो.

उभ्या दिशेचं गणित

रिम खाली +०.४२. झुकण्याची दुरुस्ती केली की +०.४८. ब्रॅकेट पंपावर आणि टोक मोटरच्या हबवर असेल तेव्हा खाली अधिक म्हणजे मोटर खाली आहे. कारण मोटरचा हब खाली असेल तर तळाशी तो डायलच्या जवळ येतो आणि टोक दाबलं जातं. रिडिंग नेहमी दुप्पट असतं, म्हणून निम्मं करा: डायलच्या ठिकाणी मोटर ०.२४ मिमी खाली.

आता फेस. आपला डायल हबच्या मागच्या चेहऱ्यावर आहे, म्हणून अधिक म्हणजे त्या बाजूला फट उघडी आणि वजा म्हणजे फट बंद. डायल पुढच्या चेहऱ्यावर असता तर हे उलटलं असतं. खाली −०.१२, म्हणजे फट खाली अरुंद आणि वर ०.१२ ने जास्त. चिन्हाबद्दल शंका असेल तर फिलर गेज घेऊन वरची आणि खालची फट प्रत्यक्ष मोजा. आकडा थोडा इकडेतिकडे येईल, पण कोणती फट मोठी हे नक्की कळेल. मी हे दरवेळी करतो, कारण चिन्ह चुकलं की मोटर बरोबर उलट्या दिशेने जाते.

फट वर उघडी म्हणजे मोटरची शेपटी, पंख्याकडची बाजू, खाली झुकलेली. किती? डायलच्या टोकाने काढलेल्या वर्तुळाचा व्यास मोजा, हबचा व्यास नव्हे. इथे १८० मिमी. ०.१२ भागिले १८० म्हणजे प्रत्येक मिमीला ०.०००६७ मिमी, किंवा सोप्या भाषेत प्रत्येक १०० मिमीला ०.०६७.

मग टेपने दोन अंतरं घ्या. रिम डायलच्या टोकापासून मोटरच्या पुढच्या पायाच्या बोल्टपर्यंत २१० मिमी. तिथून मागच्या बोल्टपर्यंत २८० मिमी, म्हणजे टोकापासून ४९०. पुढचा पाय: ०.२४ अधिक २१० गुणिले ०.०००६७, म्हणजे ०.२४ अधिक ०.१४, एकूण ०.३८ मिमी खाली. मागचा पाय: ०.२४ अधिक ०.३३, एकूण ०.५७ मिमी खाली. दोन्ही पुढच्या पायांखाली ०.३८ आणि दोन्ही मागच्या पायांखाली ०.५७ घातले की थंड मोटर पंपाच्या रेषेत येईल.

पण मोटर थंड राहणार नाही. लोडवर चालताना पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची बॉडी सरासरी ३० अंशांनी तापते असं धरू. कास्ट आयर्न प्रत्येक अंशाला मीटरमागे साधारण ०.०११ मिमी वाढतं. १८० मिमी उंचीला ३० अंशांत सुमारे ०.०६ मिमी. पंपात कूलिंग टॉवरचं कोमट पाणी, तो जवळपास वाढत नाही. म्हणजे थंड असताना मोटर ०.०६ खालीच ठेवायची, तापल्यावर ती आपोआप वर येईल. शिम पुढे ०.३२ आणि मागे ०.५१. थर्मिक फ्लुइडच्या पंपावर प्रकरण उलटतं. तिथे पंप जास्त तापतो, आणि तो पायावर बसलेला आहे की मध्यरेषेवर टांगलेला यावर त्याची वाढ ठरते. अशा पंपाला उत्पादकाने दिलेला आकडा घ्यावा, अंदाज लावू नये.

बॉक्समध्ये ०.२५, ०.०५ आणि ०.५० च्या शिम होत्या. पुढे ०.३०, मागे ०.५० घातल्या. एक-दोन शतांशांसाठी शिम खरवडत बसू नका.

आडव्या दिशेची गंमत

आडवं काम शिमशिवाय, मोटर सरकवून होतं, म्हणून ते सोपं समजलं जातं. सगळ्यात जास्त वेळ मात्र इथेच जातो. कारण बघा.

रिमवर उजवा +०.३०, डावा +०.११. फरक ०.१९, निम्मे जवळजवळ ०.१०. झुकणं दोन्ही बाजूंना सारखं असल्याने वजाबाकीत ते निघून जातं. उजवीकडे अधिक म्हणजे मोटरचा हब उजवीकडे सरकलेला. कोणीही म्हणेल, मोटर डावीकडे ढकला.

फेस बघा. उजवा −०.०२, डावा −०.१०. उजवी फट ०.०८ ने जास्त उघडी, म्हणजे शेपटी डावीकडे वळलेली. उतार ०.०८ भागिले १८०, १०० मिमीला ०.०४४. पुढच्या पायापर्यंत २१० मिमीत तो ०.०९ होतो. हब ०.१० उजवीकडे, त्यातून ०.०९ वजा: पुढचा पाय जवळपास जागेवरच आहे. मागचा पाय: ०.१० वजा ०.२२, म्हणजे ०.१२ मिमी डावीकडे.

म्हणजे हब उजवीकडे दिसतोय आणि तरीही मोटरची शेपटी आणखी उजवीकडे ढकलायची आहे, ०.१२ ने. पुढचा पाय हलवायचा नाही. शेपटी उजवीकडे गेली की मोटर पुढच्या पायांभोवती फिरते आणि हब डावीकडे येतो: ०.१२ गुणिले २१० भागिले २८०, म्हणजे ०.०९. नुसतं कपलिंगकडे बघून पूर्ण मोटर डावीकडे ढकलली असती तर रिम शून्यावर आला असता आणि फेस जिथे होता तिथेच राहिला असता. मग शेपटी हलवायची, की रिम बिघडतो, परत पुढचे पाय हलवायचे. असं तासन्‌तास चालू राहतं आणि शेवटी "एवढं चालतं" म्हणून पिना ठोकल्या जातात.

हलवणं आणि आवळणं

आधी उभी दुरुस्ती, मग आडवी. शिम घालण्यासाठी मोटर उचलली की आडवी जागा बिघडणारच, म्हणून शिम घालून बोल्ट आवळल्यावर आडवं रिडिंग नव्याने घ्या. वर ०.१२ आणि शून्य असे जे आकडे काढले ते हलवण्याच्या क्षणीच्या रिडिंगवरून काढायचे असतात. शिम घालताना बाजूंना डायल टेकवून मोटर मूळ जागी परत आणली, तर तेच आकडे चालतात. इथे तसंच केलं.

सरकवण्यासाठी बेसवर जॅक बोल्ट असावेत. नसतील तर वेल्डिंग करून बसवा. पण वेल्डिंगचा अर्थ क्लँप त्याच बेसवर, कामाच्या अगदी जवळ लावा. तो पंपाच्या किंवा मोटरच्या बॉडीवर लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो आणि बेअरिंगच्या रेसवर खड्डे पडतात. घणाने मोटर सरकवू नका. ०.१२ मिमी घणाने साधत नाही आणि धक्का बेअरिंगच घेतं.

मागच्या पायाच्या उजव्या बाजूला एक डायल आणि पुढच्या पायाला दुसरा डायल टेकवून ठेवा. चारही बोल्ट हलके सैल करा आणि डावीकडचा मागचा जॅक बोल्ट हळूहळू फिरवा. मागचा डायल १२ रेघा सरकला आणि पुढचा जागेवर राहिला की थांबा. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. आवळताना मोटर हलते का हे डायलवर दिसत राहतं. शेवटी जॅक बोल्ट ढिले करून ठेवा. ते टेकलेले राहिले तर तापल्यावर मोटर बाजूला वाढू शकत नाही.

बोल्ट भोकाच्या कडेला टेकला आणि मोटर अजून सरकायला हवी, असंही होतं. बोल्ट घासून बारीक करणं हा त्यावरचा उपाय नाही. अशा वेळी पंप थोडा सरकवता येतो का ते बघा. पाइपचा ताण मात्र परत तपासावा लागेल.

शेवटचं रिडिंग

शिममध्ये एक-दोन शतांश कमी राहिले होते, म्हणून हिशेबाने थंड मोटर हबपाशी साधारण ०.०९ मिमी खाली असायला हवी. दुप्पट ०.१८, त्यातून झुकण्याचे ०.०६ वजा. म्हणजे रिम डायल खाली सुमारे +०.१२ दाखवेल. शून्य नाही. हा आकडा रिडिंग घेण्याआधीच कागदावर लिहून ठेवा. नाहीतर शून्य दिसलं नाही म्हणून कोणीतरी आणखी शिम घालतो.

प्रत्यक्षात रिमवर उजवा +०.०६, खाली +०.११, डावा +०.०५ आला. फेसवर उजवा ०, खाली +०.०१, डावा +०.०१. आडवं अंतर अर्ध्या शतांशाच्या आसपास. उभं, तापल्यावर ०.०३ मिमी खाली. १५०० आरपीएमच्या आसपासच्या मशिनला मी तापलेल्या स्थितीत अंतर ०.०५ मिमी आणि फटीतला फरक १०० मिमीला ०.०५ मिमी, याच्या आत आणतो. ३००० च्या मशिनला याच्या निम्मं बघतो. सुरुवातीला फटीतला फरक १०० मिमीला ०.०६७ होता, म्हणजे थोडासाच बाहेर. मुख्य बिघाड ०.२४ मिमीच्या अंतरात होता आणि बुशची भुकटी तिथूनच येत होती.

नवे बुश घाला. सगळे एकदम बदला, अर्धे जुने ठेवू नका, नाहीतर भार नव्या बुशांवरच येतो. हबमधली फट उत्पादकाने सांगितलेली आहे ना ते बघा, गार्ड लावा, मग लॉक काढा. तीन-चार तास लोडवर चालवून मोटर आणि पंपाच्या चारही बेअरिंगवर आडवं, उभं आणि अक्षीय व्हायब्रेशन घ्या, कामाआधी घेतलं होतं त्याच जागांवर. अक्षीय आकडा उतरलेला दिसला पाहिजे. तो उतरला नाही, तर मशिन बंद करून लॉक लावा, गार्ड आणि पिना काढून गरम असतानाच लगेच रिडिंग घ्या. खाली रिम डायल शून्याच्या आसपास आला तर बॉडी अंदाजाप्रमाणे वाढली आहे आणि दोष दुसरीकडे आहे: इम्पेलर, कॅव्हिटेशन किंवा बेस फ्रेमचं ग्राउटिंग. बेसवर हातोडीने टकटक करून पोकळ आवाज येतो का, हे तेव्हाच ऐकून घ्या.